मशेरीचा प्रश्न दोघींना सारखाच विचार

पोरी, तुझा फॉर्म काल रात्री वाचला. पत्ता, वय, शिक्षण सगळं ठीक आहे. पण ‘आपण तंबाखूचे सेवन करता का? हो / नाही’ या ओळीपाशी थांबले. पीएसएममध्ये तीस वर्षं काढली, त्यातली पहिली दोन याच ओळीने खाल्ली होती. मशेरी लावणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारलास तर ती ‘नाही’ म्हणेल, आणि ती खोटं बोलत नसेल. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे पुरुषांनी चुना मळून खायची वस्तू. ती तर तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली पूड बोटाने हिरड्यांना लावते, आणि त्याला ‘दात घासणं’ म्हणते.

अशी चूक सापडली की सगळे आधी विचारतात, चूक किती मोठी? तू आधी हे विचार की ती दोन्ही गटांत सारखी आहे का. तोंडाचा कर्करोग झालेल्या बायका आणि न झालेल्या बायका, दोघीही त्याच प्रमाणात चुकीच्या रकान्यात पडत असतील तर ते नॉन-डिफरेन्शियल मिसक्लासिफिकेशन. एका गटात जास्त, दुसऱ्यात कमी असेल तर डिफरेन्शियल. नावं अवजड आहेत, पण फरक एवढाच.

आता कागद घे. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. कर्करोगाच्या 200 बायका, त्यांत खरोखर मशेरी लावणाऱ्या 120. कंट्रोल 200, त्यांत लावणाऱ्या 60. ऑड्स रेशो काढ: 120 गुणिले 140, भागिले 80 गुणिले 60. उत्तर 3.5. हे झालं सत्य, जे आपल्याला कधीच दिसत नाही.

समज, तुझ्या त्या ओळीमुळे दोन्ही गटांतल्या मशेरीवाल्यांपैकी 30 टक्के ‘नाही’त गेल्या. केसमध्ये 84 उरल्या, कंट्रोलमध्ये 42. ऑड्स रेशो झाला 2.7. त्यात आणखी एक भर घाल. मदतनीस पोरीने काळं दंतमंजन लावणाऱ्यांनाही मशेरीत धरलं, न लावणाऱ्यांपैकी 10 टक्के. मग केसमध्ये 92, कंट्रोलमध्ये 56, आणि ऑड्स रेशो 2.2. संबंध तोच आहे, पण दोन्ही गटांत भेसळ झाल्यामुळे ते एकमेकांसारखे दिसू लागले. म्हणून आकडा एककडे सरकतो. एक म्हणजे काही संबंध नाही, त्यालाच आपण नल म्हणतो. सारखी चूक आकड्याला एकच्या पलीकडे मात्र नेत नाही. त्यासाठी तुझा प्रश्न नाणेफेकीपेक्षाही वाईट असावा लागेल.

वेगवेगळी चूक मात्र कुठेही नेते. माझ्या पहिल्या अभ्यासात मी केसची माहिती वॉर्डातल्या केसपेपरवरून उतरवली आणि कंट्रोलची घरोघर जाऊन विचारली. वॉर्डात प्रत्येक डॉक्टरने त्या बाईला नेमकं ‘मशेरी लावता का?’ असंच खोदून विचारलेलं असतं. घरी मी विचारत होते ‘तंबाखू खाता का?’, आणि उंबऱ्यावर सासू उभी. हिशेब करून बघ. केसमधल्या मशेरीवाल्यांपैकी 95 टक्के कबूल झाल्या, म्हणजे 114. कंट्रोलमधल्या 60 टक्केच, म्हणजे 36. ऑड्स रेशो 6! खऱ्या 3.5च्या जवळजवळ पावणेदोन पट. मी तर खूश होते, की केवढं सापडलं.

उलटंही होतं. आजारी बाईला घरचे रोज ऐकवतात की तुझ्याच हाताने ओढवून घेतलंस. ती तुझ्यासमोर लपवते. केसमध्ये 60 टक्के सांगतात, कंट्रोलमध्ये 90 टक्के. आता 72 आणि 54, ऑड्स रेशो 1.5. आणखी थोडं लपवलं तर संबंध पुसलाच जाईल. म्हणून ‘रिकॉल बायस आकडा फुगवतो’ असं जे पाठ केलंय ते सोड. कोण काय लपवतंय आणि कोण काय जास्त आठवतंय, हे ठरल्याशिवाय दिशा सांगता येत नाही.

आणखी एक. चर्चेच्या प्रकरणात सगळे एक वाक्य चिकटवतात: आमची चूक नॉन-डिफरेन्शियल आहे, म्हणून खरा संबंध याहून मोठाच असणार. हे तू लिहू नकोस. तो नियम सरासरीचा आहे. एकेका अभ्यासात नुसत्या योगायोगानेही आकडा भलतीकडे जातो. शिवाय तो दोनच रकान्यांचा आहे. तुझ्या फॉर्ममध्ये तर त्या हो-नाहीच्या ओळीखाली ‘कधीच नाही, दिवसातून एकदा, अनेकदा’ असे तीन आहेत. समज, केस अनुक्रमे 50, 50, 100 आणि कंट्रोल 100, 100, 50. म्हणजे एकदा लावणारीला काही धोका नाही, तिचा ऑड्स रेशो 1. अनेकदा लावणारीचा 4. आता दोन्ही गटांतल्या अनेकदावाल्यांपैकी 40 टक्के संकोचाने ‘एकदाच’ म्हणाल्या. मधल्या रकान्यात केस झाल्या 90, कंट्रोल 120. ऑड्स रेशो 1.5. चूक दोन्हीकडे सारखी, तरी मधला आकडा नलपासून दूर गेला, आणि नसलेला धोका दिसू लागला. हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा मी गणित चुकलं म्हणून तीनदा तपासलं होतं.

तर करायचं काय? ती ओळ खोड. ‘सकाळी दात कशाने घासता?’ असं विचार आणि ती जे नाव घेईल तेच लिही, मग ‘दिवसात आणखी केव्हा लावता?’ विचार. दोघींना त्याच शब्दांत, त्याच मदतनिसाने, एकटीला गाठून. केसपेपरला हात लावू नकोस. फॉर्मवर एक रकाना वाढव: विचारताना शेजारी कोण होतं. लघवीतलं कोटिनिन तपासायचा विचार असेल तर ते मागच्या काही दिवसांचंच सांगतं हे ध्यानात धर. दुखायला लागल्यावर मशेरी सोडलेली केस त्यात ‘नाही’ येईल, धडधाकट कंट्रोल ‘हो’ येईल. म्हणजे तपासणी अगदी काटेकोर, आणि चूक डिफरेन्शियल.

आणि ज्यांची बायॉप्सी कर्करोग नाही म्हणते त्यांचे फॉर्म फेकू नकोस. डॉल आणि हिल यांनी 1950मध्ये लंडनच्या रुग्णालयांतला धूम्रपानाचा अभ्यास छापला. त्यात ज्यांना फुप्फुसाचा कर्करोग आहे असं समजून मुलाखत घेतली, पण पुढे तो नाही असं ठरलं, अशांचा त्यांनी वेगळा गट करून पाहिला. विचारणाऱ्याचा पूर्वग्रह आकडा फुगवत असता तर या लोकांच्या सिगारेटी कर्करोगवाल्यांइतक्या भरल्या असत्या. त्या इतर रुग्णांसारख्याच भरल्या. तुझ्याकडे मात्र ही कसोटी जशीच्या तशी चालणार नाही. तोंडाच्या बायॉप्सीत कर्करोग नसलेल्या पुष्कळजणींना पांढरा चट्टा असतो, आणि तोही तंबाखूनेच आलेला असू शकतो. त्यांच्यात मशेरी जास्त निघाली तर ती विचारणारीची करामत की खरीच, हे कळणार नाही. चट्टेवाल्या बाजूला काढ आणि उरलेल्यांचे फॉर्म मला दाखव. थोडेच असतील, पण आणच.