स्थिर चित्राची किंमत

हातात कॅमेरा धरून चालता चालता टिपलेले दृश्य पडद्यावर पाहिले, म्हणजे हाताचा कंप आणि पावलांचे हेलकावे त्यात स्पष्ट दिसतात. टिपून झालेल्या अशा दृश्यातील थरथर संगणकाच्या साहाय्याने पुष्कळशी काढून टाकता येते. मात्र या क्रियेत चित्राचा काही भाग गमवावा लागतो. तो का व किती, हे समजण्यासाठी ही क्रिया कशी घडते ते प्रथम पाहिले पाहिजे.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका होय. संगणक प्रत्येक चित्रात खिडकीचा कोपरा, फलकावरील अक्षर यांसारख्या ठळक खुणा हेरतो आणि पुढील चित्रात त्या कोठे सरकल्या हे मोजतो. या मोजमापांवरून कॅमेऱ्याने प्रत्यक्षात आक्रमिलेला वेडावाकडा मार्ग कळतो. त्या मार्गावरून एक सौम्य, सलग मार्ग आखला जातो, आणि प्रत्येक चित्र जितके या मार्गापासून ढळले असेल तितके उलट दिशेने सरकवले जाते.

अडचण येथेच उद्भवते. चित्र उजवीकडे सरकवले की डाव्या कडेला रिकामी काळी पट्टी उरते, कारण तेथे काय होते याची नोंद कॅमेऱ्याने केलेलीच नसते. या पट्ट्या दिसू नयेत म्हणून चारही कडा कातराव्या लागतात आणि उरलेला मधला भाग पुन्हा मूळ आकाराइतका मोठा करावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. एका दृश्याची लांबी 20 सेकंद असून सेकंदाला 25 याप्रमाणे त्यात 500 चित्रे आहेत. प्रत्येक चित्र 1920 पिक्सेल रुंद व 1080 पिक्सेल उंच आहे. सौम्य मार्गापासून चित्र डावीउजवीकडे जास्तीत जास्त 60 व वरखाली जास्तीत जास्त 45 पिक्सेल ढळते असे समजा. मग रुंदीतून दोन्ही कडांचे मिळून 120 पिक्सेल, म्हणजे सोळावा हिस्सा, कातरला पाहिजे. उंचीतून 90, म्हणजे बारावा हिस्सा. रुंदी व उंची यांचे प्रमाण बदलता कामा नये, म्हणून या दोहोंपैकी मोठा हिस्सा दोन्हीकडे लागू करावा लागतो. उरते 1760 बाय 990 पिक्सेलचे चित्र. एकूण पिक्सेलांपैकी सुमारे 16 टक्के गेले. चित्र पुन्हा 1920 पर्यंत ताणले, तरी नवे पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरलेले असतात. आकार परत मिळतो, तपशील मिळत नाही. बारीक अक्षरे व झाडांची पाने किंचित मऊ दिसू लागतात.

आता याच दृश्यात पायाला ठेच लागून एका क्षणी चित्र 108 पिक्सेल खाली ढळले असे मानू. कातरीचे प्रमाण सामान्यतः सबंध दृश्याला एकच ठेवले जाते; नाही तर चित्र मध्येच जवळ आल्यासारखे वाटेल. त्यामुळे उंचीतून 216 पिक्सेल, म्हणजे पाचवा हिस्सा, वजा होतो आणि 1536 बाय 864 एवढेच चित्र उरते. मूळ पिक्सेलांपैकी 64 टक्केच शिल्लक राहतात. एका धक्क्याची किंमत सर्व 500 चित्रांना मोजावी लागते. म्हणून असा क्षण कापून दृश्याचे दोन तुकडे करणे आणि प्रत्येकावर स्वतंत्र प्रक्रिया करणे हितावह ठरते. तो क्षण वगळण्याजोगा नसेल, तर तेथे थोडी थरथर राहू देणे हा दुसरा मार्ग होय.

चित्र मऊ होण्याचे दुसरेही एक कारण असते, आणि त्याची गल्लत कातरीशी करू नये. प्रत्येक चित्र टिपताना प्रकाशाचा दरवाजा सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्या वेळातील धक्का चित्रातच पुसटपणाच्या रूपाने उतरतो. नंतर चित्र सरकवून तो जात नाही. सर्वच चित्रे सारखी मऊ असतील तर दोष ताणण्याचा. स्थिर भासणाऱ्या दृश्यात मधूनच काही चित्रे फासटलेली दिसली, तर तो हाताच्या धक्क्याचा. त्यावर इलाज टिपतानाच करावा लागतो: पुरेसा उजेड असेल तर हा अवधी सेकंदाचा दोनशेवा भाग इतका कमी करावा.

कातरीची तजवीजही टिपतानाच करता येते. अंतिम चित्र 1920 बाय 1080 हवे असेल आणि टिपण 3840 बाय 2160 मध्ये केले असेल, तर पाचवा हिस्सा कातरूनही 3072 बाय 1728 पिक्सेल उरतात. चित्र ताणावे न लागता उलट लहान करावे लागते, आणि तपशील टिकून राहतो. परंतु कडेशी असलेली वस्तू यानेही वाचत नाही. माणसाचे डोके चौकटीच्या वरच्या कडेला टेकलेले असेल, तर ते कातरीत जाणारच. म्हणून टिपतानाच माणसाभोवती थोडी अधिक जागा मोकळी सोडावी लागते.