दरबारी चित्राचे वाचन : गर्दीतील राजा आणि त्याचे सरदार

या घटकात आपण लिखित मजकुराऐवजी चित्र वाचणार आहोत. बखर किंवा तवारीख वाचताना वाक्यातील कर्ता कोण, कर्म कोण, हे आपण शब्दांच्या क्रमावरून नव्हे, तर बहुधा विभक्तिप्रत्ययांवरून ठरवतो. मराठीत शब्दांचा क्रम बदलला तरी प्रत्यय आपल्याला आधार देतात. दरबारी चित्रातही अशा काही खुणा असतात. शंभरएक माणसांच्या दाटीत राजा कोण, राजपुत्र कोण, मानकरी कोण आणि नुसता सेवक कोण, हे चित्रकाराने आकारमान, प्रभामंडल, छत्र आणि स्थान या चार खुणांनी सांगितलेले असते. मात्र प्रत्येक खूण प्रत्येक परंपरेत सारख्याच अर्थाने येत नाही, आणि अनेकांची फसगत नेमकी येथेच होते.

आपण उदाहरणादाखल ‘पादशाहनामा’ घेऊ. शाहजहानच्या कारकिर्दीचा हा अधिकृत इतिहास अब्दुल हमीद लाहोरी याने फारसीत लिहिला. त्याची सचित्र शाही प्रत आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात, विंडसर येथे आहे. तिच्यातील एका चित्राचा विषय असा : मेवाडची मोहीम आटोपून शाहजादा खुर्रम अजमेर येथे परतला आहे आणि पिता जहांगीर त्याचे स्वागत करीत आहे. प्रसंग फेब्रुवारी 1615 मधील आहे. चित्रकार बालचंद याने ते सुमारे 1635 च्या सुमारास रंगवले. या दोन तारखा लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे त्यांच्यातील अंतरावर अवलंबून आहे.

प्रथम नजर कोठे टाकावी? सवयीने आपण चित्राच्या खालच्या भागाकडे पाहतो, कारण छायाचित्रात जवळचे ते खाली आणि मोठे, दूरचे ते वर आणि लहान दिसते. मोगल दरबारी चित्रात हा हिशेब चालत नाही. बादशहा वरच्या भागात, झरोक्यात असतो आणि सरदार त्याच्या खाली उभे असतात. वर असणे म्हणजे दूर असणे नव्हे. वर असणे म्हणजे उंच असणे. याची खात्री करून घेण्याचा एक साधा उपाय आहे. कागदाची अरुंद पट्टी घ्या, बादशहाच्या हनुवटीपासून पगडीच्या टोकापर्यंतचे अंतर तिच्यावर पेन्सिलीने टिपा आणि तीच पट्टी चित्राच्या तळाशी उभ्या असलेल्या सरदाराच्या मस्तकाला लावा. युरोपीय पद्धतीच्या चित्रात तळाचे मस्तक बरेच मोठे भरेल. येथे दोन्ही जवळजवळ सारखी भरतात. चित्रकाराने अंतरामुळे बादशहाला लहान होऊ दिलेले नाही, हीच आकारमानाची खूण. ‘राजा सर्वांत मोठा काढतात’ हे ढोबळ विधान मोगल चित्रांना फारसे लागू पडत नाही. मेवाडच्या काही चित्रांत मात्र महाराणा भोवतालच्या माणसांपेक्षा उघडच मोठा दिसतो.

आता प्रभामंडल. मस्तकामागचे हे तेजाचे वलय आपल्याला देवादिकांच्या आणि बुद्धाच्या प्रतिमांमुळे परिचित आहे. त्यामुळे ते पवित्रतेचे चिन्ह मानण्याचा मोह होतो. मोगल चित्रांत मात्र ते प्रामुख्याने राजत्वाचे चिन्ह आहे. अकबराच्या काळातील ‘अकबरनाम्या’च्या चित्रांत बादशहाला असे वलय नसते. जेझुइट पाद्र्यांनी आणलेल्या युरोपीय धर्मचित्रांशी परिचय झाल्यानंतर जहांगीराच्या काळात ते बादशहाच्या मस्तकामागे स्थिरावले. म्हणून वलय नाही, सबब हा राजा नाही, असा निष्कर्ष 1600 पूर्वीच्या मोगल चित्रावरून काढता येत नाही.

बालचंदच्या चित्रात तर उलटीच अडचण आहे. तेथे एकाच्या जागी दोन वलये दिसतात. एक जहांगीरामागे आणि दुसरे खुर्रममागे. नियम यांत्रिकपणे लावला तर दरबारात दोन बादशहा आहेत असे म्हणावे लागेल. मग त्यांतील राजा कोणता? येथे वलय बाजूला ठेवून स्थान पाहावे लागते. जो आपल्या जागी आहे आणि ज्याच्याकडे दुसरा आला आहे, तो 1615 चा बादशहा होय. चेहराही साक्ष देतो : जहांगीराच्या चित्रांत मिशा असतात, दाढी नसते, शाहजहान दाढीसह दाखवला जातो. तेव्हा दाढी असलेला, समोर आलेला तो पुत्र.

तरीही प्रश्न उरतोच. 1615 मध्ये खुर्रम शाहजादाच होता, तर त्याला वलय कशासाठी? उत्तर दुसऱ्या तारखेत आहे. चित्र रंगवले गेले तेव्हा तो शाहजहान म्हणून तख्तावर होता आणि हे पुस्तक त्याच्याच आज्ञेने सिद्ध होत होते. वीस वर्षांपूर्वीच्या प्रसंगात त्याला आधीच बादशहाचे तेज दिले गेले. ही चित्रकाराची चूक नाही. हे पोशिंद्याचे म्हणणे आहे : राज्य आपल्याकडे येणार हे जणू पूर्वीपासूनच ठरलेले होते. जहांगीराच्या अखेरच्या वर्षांत याच खुर्रमने पित्याविरुद्ध बंड केले होते आणि 1627 मध्ये जहांगीर वारल्यावर वारसाहक्काचा रक्तरंजित झगडाही झाला, हे आठवले म्हणजे त्या दुसऱ्या वलयाचा भार कळतो. बंडखोर पुत्राची आठवण त्याने झाकली जाते. तात्पर्य, वलय प्रसंगाच्या काळाविषयी नव्हे, तर चित्र रंगवण्याच्या काळाविषयी बोलते. दरबारी चित्राला ‘डोळ्यांदेखतचा पुरावा’ म्हणणाऱ्या लेखनाकडे मी म्हणूनच थोड्या संशयाने पाहतो.

याच ग्रंथातील बिचित्रच्या चित्राशी तुलना करून पाहा. तेथे 8 मार्च 1628 रोजी आग्ऱ्याच्या दरबारात शाहजहान आपले तीन थोरले पुत्र दारा शुकोह, शाह शुजा व औरंगजेब यांना आणि सासरा आसफखान याला भेटत आहे. येथे वलय एकट्या शाहजहानला आहे, पुत्रांना नाही. ते राजपुत्र आहेत हे आपल्याला त्यांच्या कोवळ्या, दाढी न आलेल्या चेहऱ्यांवरून, रत्नांवरून आणि विशेषतः ते बादशहाच्या निकट, सरदारांच्या रांगांपेक्षा वर आहेत यावरून कळते. त्या दिवशी दारा तेरा वर्षांचाही पूर्ण नव्हता आणि औरंगजेब नऊ वर्षांचा होता. कोणाला वलय द्यावे हा प्रश्न त्यांच्या बाबतीत अजून उद्भवलेलाच नव्हता.

छत्राविषयी बोलताना आपल्याला मराठी भाषेचाही उपयोग होतो. अबुल फजलने ‘आईने अकबरी’त राजचिन्हे सांगताना तख्त आणि छत्र यांच्यानंतर ‘सायाबान’ सांगितले आहे. दांड्यावर बसवलेले, लंबगोल, जरीचे असे हे साधन सेवक उन्हाच्या बाजूला धरून उभा राहतो. त्याचेच दुसरे नाव ‘आफ्ताबगीर’, म्हणजे सूर्याला अडवणारे. आपली ‘अब्दागीर’ किंवा ‘अब्दागिरी’ ती हीच. पालखीच्या मिरवणुकीत आपण ती आजही पाहतो. अबुल फजलच्या म्हणण्यानुसार ही चिन्हे केवळ राजांसाठी होती. मराठी राज्यात मात्र अब्दागिरी सरदारांनाही मान म्हणून मिळे. त्यामुळे अब्दागिरीखालील स्वार मोगल चित्रात बादशहा ठरेल, मराठी चित्रात तो मानकरी सरदारही असू शकेल. शब्द तोच, वस्तूही तीच, पण तिचे मूल्य बदलले. भाषेत अर्थसंकोच किंवा अर्थविस्तार होतो तसेच हे आहे. आणखी एक गोष्ट : मिरवणूक, शिकार, प्रवास अशा उघड्यावरील चित्रांत छत्र शोधावे. झरोक्यातील बादशहावर बहुधा चांदवा असतो आणि तोच छत्राचे काम करतो.

राहिले सरदार. त्यांना वलय नाही, छत्र नाही, आणि आकारही सर्वांचा सारखाच. त्यांच्यासाठी स्थान हीच एकमेव भरवशाची खूण. ते एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यांनी, हात जुळवून किंवा काठीवर ठेवून रांगांत उभे असतात. झरोक्यापासूनचे अंतर आणि कठड्याच्या आत की बाहेर, यावरून त्यांची प्रतवारी कळते. येथे एका गोष्टीची सावधगिरी हवी. बादशहाला सर्वांत जवळचा माणूस पुष्कळदा सर्वांत मोठा मानकरी नसतो. पाठीमागे मोरचेल किंवा चवरी घेऊन उभा असणारा सेवक कोणत्याही वजिरापेक्षा जवळ असतो. म्हणून अंतर मोजण्याआधी हातात काय आहे ते पाहावे आणि समोरच्या बाजूची जवळीक तेवढी मानाची धरावी.

नावे कशी कळतात? काही चित्रांत चित्रकाराने सरदाराच्या वस्त्रावर किंवा पगडीजवळ बारीक फारसी अक्षरांत नावच लिहिलेले असते. जेथे ते नसते तेथे इतर व्यक्तिचित्रांशी चेहरा ताडून पाहतात. हे शक्य होते, कारण चित्रशाळेत प्रमुख सरदारांच्या चेहऱ्यांच्या पारदर्शक पातळ कातड्यावरील प्रतिकृती जपलेल्या असत. त्यांना ‘चरबा’ म्हणत. रेषेवर सुईने छिद्रे पाडून आणि त्यांतून कोळशाची भुकटी झाडून तोच चेहरा हव्या त्या चित्रात उतरवता येई. त्यामुळे एकच सरदार निरनिराळ्या चित्रांत तंतोतंत त्याच मुद्रेने उभा दिसतो. त्याचा दुसरा परिणाम असा की, चित्रात असलेला सरदार त्या दिवशी दरबारात हजर होताच, असे म्हणता येत नाही. तो तेथे असायला हवा होता, एवढेच चित्र सांगते.

राजस्थानातील चित्रे पाहताना आणखी एक पेच येईल. अठराव्या शतकातील मेवाडी शिकारचित्रांत वलय असलेला महाराणा एकाच चित्रात तीन-चार ठिकाणी दिसतो : येथे घोड्यावर, तेथे मचाणावर, पलीकडे परतीच्या वाटेवर. हे तीन-चार राजे नव्हेत. एकाच दिवसाच्या हालचाली एका कागदावर मांडल्या आहेत. चेहरा आणि पोशाख तोच आहे का, हे पाहिले की पेच सुटतो.

स्वाध्याय : टॉमस डॅनियल याने 1805 मध्ये पूर्ण केलेले पुण्याच्या पेशवे दरबाराचे मोठे तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट 1790 च्या तहासाठी सवाई माधवरावांसमोर आला आहे, असा त्याचा विषय. चित्रकार जेम्स वेल्स याने पुण्यात केलेल्या अभ्यासचित्रांवरून ते सिद्ध झाले. त्याची शैली युरोपीय आहे. त्याची प्रतिमा मिळवून वर सांगितलेली कागदाची पट्टी पुढच्या व मागच्या रांगेतील मस्तकांना लावून पाहा. नंतर वलय व छत्र यांच्या मदतीशिवाय सोळा वर्षांचे पेशवे आणि नाना फडणीस तुम्ही कोणत्या खुणांनी ओळखलेत, ते दहा-बारा ओळींत लिहा.