विंगेमागची वही

चि. सोनूस,

जुईनगरच्या तुमच्या गणपतीतली रविवारची सांस्कृतिक संध्याकाळ यंदा तुझ्याकडे आली, हे वाचून आनंद झाला. सगळ्या कलाकारांना पाच वाजता बोलवायचं ठरलंय, असं तू लिहिलं आहेस. ते मात्र बदल. शंभर मुलं शाळेच्या दोन वर्गांत तीन तास बसली, की भूक लागते, मेकअप उतरतो, नऊवारी सुटते आणि ज्याचा नंबर आहे तोच नेमका पाणी प्यायला गेलेला असतो.

प्रत्येकाला त्याची वेळ दे, आणि ती शेवटाकडून मागे मोजत काढ. तुझं कोळीनृत्यच घे. क्रम आठवा, मुली बारा. साडेसहाला सुरुवात, पंधरा मिनिटं दीपप्रज्वलन आणि स्वागत, मग निवेदनासकट आठ-आठ मिनिटांचे सात कार्यक्रम. म्हणजे मुली ७.४०च्या सुमारास रंगमंचावर जाणार. दहा मिनिटं आधी विंगेत हव्यात, म्हणजे ७.३०. त्याआधी वीस मिनिटं तयार होऊन बसलेल्या हव्यात, ७.१०. आता खरा प्रश्न साडी नेसवण्याचा. नेसवणाऱ्या दोघी असतील आणि एका मुलीला दहा मिनिटं लागत असतील, तर बारा जणींना एक तास लागेल. म्हणजे ६.१०ला पहिली साडी हातात हवी, आणि हजेरी, केस, दागिने यांसाठी वीस मिनिटं धरून बोलावणं ५.५०चं. नेसवणारी तिसरी बाई मिळाली तर हेच बोलावणं ६.१०ला येतं. बोलावण्याची वेळ अशी नेसवणाऱ्या हातांवर ठरते. म्हणूनच लावणी कोळीनृत्याला लागून ठेवू नकोस. त्याच दोघी दोन्हीकडे लागतील. मध्ये गाणं, नाट्यछटा, लहान मुलांचा फॅन्सी ड्रेस घाल. एकच मुलगी दोन नाचांत असेल, तर मध्ये निदान तीन कार्यक्रम ठेव.

दोन वर्गांपैकी रंगमंचाच्या जवळचा वर्ग तयार झालेल्यांचा. तिथे खायचं काही नाही, पालक नाहीत, आणि एका वेळी फक्त पुढचे दोन कार्यक्रम. लांबचा वर्ग कपडे आणि मेकअपचा; मध्ये पडदा लावून मुलींची आणि मुलग्यांची बाजू वेगळी कर. साडी नेसण्याआधी प्रत्येकीला स्वच्छतागृहात पाठव. हे विसरलं, की विंगेत उभी राहिलेली पोरगी रडकुंडीला येते.

आता हजेरी. वही एकच, आणि ती एकाच माणसाच्या हातात, वर्गांकडे जाणाऱ्या दारापाशी. प्रत्येक कार्यक्रमापुढे तीन रकाने: आले, तयार, विंगेत. फोनवर कुणी ‘आलोच, स्टेशनवर आहे’ म्हटलं तर रकाना रिकामाच ठेव. बारांपैकी अकरा जणी आल्या तरी खूण करू नकोस, ११ असा आकडा लिही. ती बारावी कोण, हे मग लगेच विचारलं जातं. गाण्याचा पेनड्राइव्ह हजेरीच्या वेळीच घे आणि ध्वनिवाल्याकडून वाजवून पाहा. लहान मुलं परत नेताना पालकाची सही घे. स्पीकरच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, म्हणून दारापासून विंगेपर्यंत निरोप नेणारा एक चपळ मुलगा ठेव.

विंगेतल्या माणसाने प्रत्येक कार्यक्रम खरोखर कधी सुरू झाला ते लिहीत जावं. उशीर झाला तर सोपं असतं: पुढच्यांना बसवून ठेवता येतं. धोका उलट बाजूने येतो. एखादा कार्यक्रम रद्द झाला, की पुढचे सगळे आठ मिनिटं अलीकडे येतात आणि अर्धवट नेसलेल्या मुलींना हाक जाते. त्यासाठी पेटी-तबल्यावर गाणारा एक गायक कायम तयार ठेव, वेशभूषेची गरज नसलेला. दोन कार्यक्रम आधीपर्यंत गट तयार वर्गात दिसला नाही, तर त्याची जागा मागच्याला दे आणि निवेदकाला लगेच चिठ्ठी पाठव.

बाहेरून येणाऱ्या गटांपैकी ठाण्याचा गट ट्रान्स-हार्बरने येणार, मानखुर्दचा हार्बरने. रविवार आहे, शनिवारी मेगाब्लॉकची बातमी पाहा आणि ज्या मार्गावर असेल त्या गटाला एक तास आधीचं बोलावणं दे. दोन्ही मार्ग जुईनगरला येतात, त्यामुळे एक बंद असला तर दुसऱ्याने फिरून यायचं हेही त्यांना आधी सांगून ठेव. शेवटाची वेळ आपल्या हातात नसते: रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. सरकार सणांच्या मोजक्या रात्री बारापर्यंत सवलत देतं, पण तुमची रात्र त्यात आहे की नाही हे पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय ती धरू नकोस. मोठ्या माणसांचा नाच शेवटी ठेवतात आणि तोच कापला जातो. त्याला नऊच्या आत आण.

गुरुवारपर्यंत क्रमाची यादी मला पाठव. प्रत्येक नावापुढे माणसं किती आणि नेसवणारे हात किती, एवढं लिही. बोलावण्याच्या वेळा आपण दोघं बसून काढू.

तुझा,
मामा