गोदामाची भिंत आणि पितळेचे ताट

भंडाऱ्याची ओळख पितळेच्या भांड्यांची. त्यामुळे सातवी-आठवीला ध्वनी शिकवताना शिक्षकाचा हात साहजिकच ताटाकडे जातो. उच्चनीचता आणि तीव्रतेच्या प्रश्नांना ताट चांगलेच. प्रतिध्वनीला मात्र ते घेऊ नका. ताटाचा झंकार ठोक्यानंतरही रेंगाळतो आणि पाव सेकंदाच्या आसपास परतणारा आवाज त्यात बुडून जातो. तिथे टक्क वाजून लगेच गप्प होणारे दोन लाकडी ठोकळे हवेत.

पुस्तकातला प्रतिध्वनी बहुधा डोंगरावरून येतो. आपल्या शाळेशेजारी डोंगर नसला तरी राईस मिलची किंवा गोदामाची लांब, सपाट भिंत असते. धान कापून समोरच्या बांध्या रिकाम्या झाल्या की, मालकाला विचारून, वारा नसलेल्या सकाळी मुलांना तिथे न्या. भिंतीपासून काटकोनात टेपने 50 मीटर मोजून खूण करा. आधी एकच ठोका द्या. परत एकच स्वच्छ ‘टक्क’ आला पाहिजे. दोन आले तर बाजूची एखादी इमारतही उत्तर देते आहे, जागा बदला. भिंत 17 मीटरपेक्षा जवळ असेल तर काहीच वेगळे ऐकू येणार नाही, कारण दोन आवाज वेगळे कळायला कानाला साधारण 0.1 सेकंदाचे अंतर लागते.

आवाज जाऊन-येऊन 100 मीटर चालतो आणि त्याला सुमारे 0.29 सेकंद लागतो. स्टॉपवॉचचे बटण दाबायलाच बोटाला जवळपास तेवढा वेळ जातो, म्हणून एका प्रतिध्वनीचा वेळ मोजू नका. एका मुलाला लयीत ठोके देऊ द्या. प्रतिध्वनी दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध पडेपर्यंत त्याने लय कमी-जास्त करावी. प्रतिध्वनी ठोक्याला चिकटून येऊन मग लांब शांतता पसरली, तर लय मंद आहे. ठोका, प्रतिध्वनी, ठोका, प्रतिध्वनी हे घड्याळाच्या टिकटिकीसारखे सारखे ऐकू आले की लय जमली. आता दोन ठोक्यांमधला वेळ आवाजाच्या जाण्या-येण्याच्या वेळेच्या दुप्पट झाला. दुसऱ्या मुलाने अशा 20 अंतरांचा एकूण वेळ मोजावा, तिसऱ्याने हवेचे तापमान लिहावे.

समजा, तापमान 22 अंश सेल्सिअस आणि 20 अंतरांना 11.6 सेकंद लागले. एक अंतर 0.58 सेकंद, त्याचे निम्मे 0.29. 100 भागिले 0.29, म्हणजे सेकंदाला सुमारे 345 मीटर. त्या तापमानाला अपेक्षित वेग 344 आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा मोजणीत होतो. मुले घड्याळ सुरू करतानाच्या ठोक्याला ‘एक’ म्हणतात आणि ‘वीस’ला थांबतात. ठोके वीस, पण अंतरे एकोणीसच. पहिल्या ठोक्याला ‘शून्य’ म्हणायला लावा. पण ही चूक आधीच सांगून टाकू नका, तिचाच प्रश्न करा:

‘एका गटाला 20 अंतरांसाठी 11 सेकंद मिळाले आणि वेग सुमारे 364 मीटर आला. हवा 22 अंशांची होती. 0 अंशाला वेग 331 असतो आणि दर अंशाला 0.6 ने वाढतो. 364 हा वेग किती अंशांच्या हवेत मिळेल? गटाचे काय चुकले असावे?’

उत्तर 55 अंश येते. एवढी गरम हवा भंडाऱ्याच्या मे महिन्यातही नसते, हे मुलांना अंगाने ठाऊक आहे. आकडा अशक्य आहे हे तीच सांगतात आणि मोजणीकडे परत वळतात.

आता ताट घ्या. दोरीला टांगून आधी हळू, मग जोरात वाजवा. मुले सर्रास म्हणतात, ‘दुसरा आवाज उंच झाला.’ बोलीत ‘उंच आवाज’ म्हणजे मोठा आवाज, गोंधळ तिथलाच. स्वर तोच राहिला, कंपनांचा आयाम वाढला, म्हणून तीव्रता वाढली. विद्यार्थ्याला शब्दांत न अडकवता विचारा: ‘ताटाचा दुसरा आवाज गुणगुणून दाखव. सूर बदलला का?’

शेवटी एक पितळी गडवा आणि एक काचेची बाटली. गडव्यात पाणी वाढवत काठावर चमच्याने वाजवा: सूर खाली उतरतो. बाटलीत पाणी वाढवत तोंडावर फुंका: सूर वर चढतो. पाणी दोन्हीकडे वाढते आहे, मग उलटे का? गडव्यात धातूची भिंत कंप पावते आणि पाण्याचा भार तिला संथ करतो. बाटलीत वरची हवा कंप पावते आणि तिची जागा कमी होत जाते. गडव्यात तळाशी थोडेच पाणी असेल तर फरक जाणवत नाही, कारण खरे हलतात ते काठ. म्हणून अर्ध्याच्या वर भरा.

परीक्षेत ‘पाणी वाढवले तर स्वर कसा बदलेल?’ एवढेच विचारू नका. भांडे वाजवले की फुंकले, हे प्रश्नात लिहा. ते लिहिले नसेल, तर दोन्ही उत्तरांना गुण द्या.