स्पर्धा दोन दिवसांची, भाडे चार दिवसांचे

‘विषय : दि. … रोजी कबड्डी स्पर्धेसाठी मैदान मिळणेबाबत.’ क्लबचा सचिव महापालिकेला पत्र लिहितो तेव्हा या ओळीत बहुधा शनिवार-रविवारचीच तारीख घालतो. खर्चाचा अंदाज इथेच चुकतो. मैदान आखणे, माती भिजवून दाबणे, खांब आणि मंडप उभारणे ही कामे शुक्रवारी होतात. मंडप उतरतो सोमवारी. मैदान अडलेले असते चार दिवस आणि आकारणीही तशीच होऊ शकते.

म्हणून पत्रात स्पष्ट लिहावे : ‘शुक्रवार मांडणीसाठी, शनिवार व रविवार सामन्यांसाठी, सोमवार दुपारपर्यंत आवराआवरीसाठी. मांडणी व आवराआवरीच्या दिवसांना सवलतीचा दर असल्यास तो लावावा.’ दर प्रत्येक पालिकेचे वेगळे असतात, त्यामुळे पत्र देण्याआधी मंजूर दरपत्रक मागून घ्यावे. हिशेबापुरते भाडे दिवसाला २,००० रुपये आणि मांडणी व आवराआवरीच्या दिवसाला निम्मे धरू. चार दिवसांचे ६,००० होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला तर १,०८० रुपये वाढतात. अनामत १०,००० असेल तर भरणा १७,०८० रुपयांचा. वर्गणी गोळा करताना हाच आकडा समोर हवा, कारण अनामत परत मिळणार असली तरी स्पर्धेआधी ती रोख उभी करावी लागते.

प्रवेश फी, तिकीट आणि प्रायोजकांचे फलक यांबद्दलही पत्रातच लिहावे. दरपत्रकात व्यावसायिक वापराचा दर वेगळा असेल, तर फलक लागल्यावर फरक वसूल होऊ शकतो आणि तोवर वर्गणी संपलेली असते.

अनामत अडकते ती खड्ड्यांवरून. खांबांचे खड्डे बुजवले नाहीत, कचरा राहिला, तर कपात होते. मैदान ताब्यात घेताना आणि परत देताना पालिकेच्या कर्मचाऱ्यासोबत पाहणी व्हावी, अशी विनंती पत्रात करावी आणि दोन्ही वेळचे फोटो ठेवावेत. आधीच तुटलेल्या कुंपणाचे पैसे क्लबने का भरावेत? मूळ पावती मात्र सांभाळा, परताव्याच्या अर्जाला ती जोडावी लागते.

मैदानाची परवानगी म्हणजे ध्वनिक्षेपकाची परवानगी नव्हे. त्यासाठी पोलीस ठाण्यात वेगळा अर्ज करावा लागतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंदच असतो. अंतिम सामना साडेनऊला संपेल असे वेळापत्रक आखा. दिव्यांसाठी तात्पुरती वीजजोडणी किंवा जनरेटर लागेल. त्याचा खर्च भाड्यात नसतो.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. त्याच तारखेला दुसऱ्या मंडळानेही मैदान मागितले, तर आपला अर्ज आधी आल्याचा पुरावा ती प्रतच असते.