रात्री बाराच्या पुढची गाडी : तास-मिनिटांचा हिशेब

तायांनो, प्रदर्शनाला माल घेऊन मुंबईला जायचं म्हटलं की पापड-लोणच्यांचा हिशेब आपण चोख करतो. गाडीच्या वेळेचा हिशेब मात्र तिकीट काढून देणाऱ्यावर सोडतो. या वेळी तो आपणच करू या. वही-पेन घेऊन बसा.

रेल्वेचं घड्याळ २४ तासांचं असतं. दुपारी एकला तिथे १३:०० म्हणतात. बाराच्या पुढचा आकडा दिसला की त्यातून १२ वजा करायचे. म्हणजे २१:५० ही रात्रीची ९ वाजून ५० मिनिटं. मध्यरात्री घड्याळ परत ००:०० वर येतं आणि त्याच क्षणी तारीखही बदलते. सगळा घोळ होतो तो इथेच.

समजा, जाताना गाडी १० तारखेला २१:५० ला सुटते आणि ११ तारखेला सकाळी ०६:२५ ला पोहोचते. प्रवास किती वेळाचा? सहातून एकवीस वजा कसे करायचे, म्हणून बैठकीत बऱ्याच जणी इथेच थांबतात. वजा करायचंच नाही. मध्यरात्रीपाशी प्रवासाचे दोन तुकडे पाडायचे. २१:५० पासून २२:०० पर्यंत १० मिनिटं, तिथून २४:०० पर्यंत २ तास, म्हणजे पहिला तुकडा २ तास १० मिनिटांचा. मध्यरात्रीनंतरचा तुकडा ६ तास २५ मिनिटांचा. दोन्ही मिळून ८ तास ३५ मिनिटं.

आता उलटं करून बघू. २१:५० मध्ये ८ तास ३५ मिनिटं मिळवा. मिनिटं मिनिटांत, तास तासांत. ५० आणि ३५ झाली ८५ मिनिटं. ६० मिनिटांचा एक तास, म्हणून २५ मिनिटं लिहायची आणि १ तास हातचा. २१ आणि ८ झाले २९, हातचा धरून ३०. घड्याळात ३० वाजत नाहीत, म्हणून २४ वजा करायचे. राहिले ६, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे ०६:२५. जेव्हा जेव्हा २४ वजा कराल, तेव्हा तारीख एकाने पुढे न्यायची.

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर २१.५० अधिक ८.३५ करू नका बरं का. तो २९.८५ दाखवील, कारण त्याला हे रुपये-पैसे वाटतात. रुपयात शंभर पैसे, तासात साठच मिनिटं. उत्तरात मिनिटांच्या जागी ६० किंवा जास्त आकडा आला, तर हातचा राहिला असं समजा.

परतीची गाडी मात्र नीट बघा. तिकिटावर १३ तारीख आणि वेळ ००:१५ आहे. पुष्कळ जणी १३ तारखेचा दिवसभर माल विकून रात्री स्टेशनवर जायचं ठरवतील. तोवर गाडी जाऊन जवळजवळ पूर्ण दिवस झालेला असेल, आणि तिकीटही वाया गेलेलं असेल. १३ तारीख सुरू झाल्यावर पंधराच मिनिटांनी गाडी सुटते. आपल्या बोलण्यात ती ‘१२ तारखेची रात्र’. आपण झोपून उठलो की दिवस बदलला म्हणतो, रेल्वे तसं मानत नाही.

मग मुक्कामावरून निघायचं कधी? स्टेशनपर्यंत १ तास ४० मिनिटं लागतात आणि सामान घेऊन अर्धा तास आधी पोहोचायचं आहे. एकूण २ तास १० मिनिटं मागे जायचं. ००:१५ मधून २ तास जात नाहीत, म्हणून त्यात २४ मिळवा आणि तारीख एकाने मागे घ्या : १२ तारखेचे २४:१५. आता २४ मधून २ गेले, राहिले २२. १५ मधून १० गेली, राहिली ५. म्हणजे १२ तारखेला २२:०५, रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी निघायचं.

इथे मिनिटं सहज वजा झाली, पण नेहमी होत नाहीत. आधी फक्त रस्त्याचा वेळ काढायचा असेल, तर २४:१५ मधून १ तास ४० मिनिटं वजा करायची. १५ मधून ४० जात नाहीत. मग २४ मधला एक तास मोडायचा, त्याची १०० नाही, ६० मिनिटं मिळतात. २४:१५ झाले २३ तास ७५ मिनिटं. ७५ मधून ४० गेली ३५, २३ मधून १ गेला २२. उत्तर २२:३५. त्यातून सामानासाठीची ३० मिनिटं काढली की परत २२:०५ च येतात.

तिकिटाचा फॉर्म भरताना गाडी ००:०० नंतरची असेल, तर जिथे चढायचं त्या स्टेशनावरून ती सुटते तीच तारीख लिहा. आणि घरी फोन करताना नुसतं ‘१३ ची गाडी’ सांगू नका. ‘१२ ची रात्र उलटून सव्वाबाराची’ असं सांगा, म्हणजे तुम्हाला घ्यायला येणारं माणूस १३ च्या सकाळी येईल, १४ च्या नाही.