बुफे भोजनासाठी सॅलड व फळांचे प्रमाण : सोलणी-छाटणीतील घट आणि कीडग्रस्त मालाचा हिशेब

शेतकरी प्रशिक्षण वर्ग, कार्यशाळा व क्षेत्रीय दिवस अशा कार्यक्रमांत दुपारचे भोजन बहुधा बुफे पद्धतीने दिले जाते. भात, पोळी, वरण यांचे प्रमाण आचाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते. सॅलड व कापलेली फळे यांच्या बाबतीत मात्र अंदाज वारंवार चुकतो आणि रांगेतील शेवटच्या पंचवीस-तीस जणांना फळांचे रिकामे पात्र पाहावे लागते. याचे कारण बहुतेक वेळा माणशी प्रमाण कमी धरणे हे नसते. बाजारात तोलून घेतलेले वजन आणि पात्रात पडलेले वजन यांतील फरक चुकीच्या रीतीने मोजला जातो, हे त्याचे खरे कारण असते.

माणशी प्रमाण

हिशेबाची सुरुवात नेहमी निव्वळ वजनापासून, म्हणजे सोलून, कापून पात्रात ठेवलेल्या खाद्य भागाच्या वजनापासून करावी. भाजी, आमटी, भात व पोळी असलेल्या पूर्ण जेवणासोबत माणशी ६० ते ८० ग्रॅम सॅलड पुरते. हे प्रमाण सर्व प्रकार मिळून आहे. काकडी, गाजर, टोमॅटो व कांदा असे चार प्रकार ठेवले, तरी प्रत्येकाचे ७० ग्रॅम धरण्याची गरज नसते. एकूण ७० ग्रॅमच चारांत विभागावेत.

फळांसाठी माणशी १०० ग्रॅम निव्वळ हे सोयीचे प्रमाण आहे. साधारण एक मध्यम वाटी भरून फोडी होतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांतही दिवसभरासाठी फळांचे प्रमाण १०० ग्रॅम सुचविलेले आहे. जेवणात गोड पदार्थ असल्यास ७५ ते ८० ग्रॅम फळे पुरतात. फळे हाच शेवटचा गोड पदार्थ असेल, तर १०० ग्रॅमच्या खाली जाऊ नये.

घट मिळवू नये, खाद्य भागाने भागावे

अननसाचा तुरा, साल, डोळे व मधला कठीण दांडा काढल्यावर जवळजवळ निम्मे वजन उरते. समजा, ३ किलो फोडी हव्या आहेत. घट ५० टक्के आहे, म्हणून ३ किलोत ५० टक्के मिळवून ४.५ किलो अननस आणले जातात. प्रत्यक्षात त्यांतून २.२५ किलो फोडीच मिळतात. ५० टक्के घट ही विकत घेतलेल्या वजनावरची आहे, हव्या असलेल्या वजनावरची नाही. म्हणून योग्य रीत अशी :

खरेदीचे वजन = हवे असलेले निव्वळ वजन ÷ खाद्य भागाचे प्रमाण

येथे ३ ÷ ०.५० = ६ किलो अननस लागतात.

टक्के मिळविण्याच्या चुकीमुळे येणारी तूट घटीच्या वर्गाइतकी असते. घट २० टक्के असेल, तर तूट केवळ ४ टक्के येते व ती कोणाच्या लक्षात येत नाही. घट ५० टक्के झाली की तूट २५ टक्क्यांवर जाते. म्हणूनच काकडी-टोमॅटो पुरतात आणि कलिंगड-अननस संपतात.

उदाहरण : १५० प्रशिक्षणार्थींचे भोजन

फेब्रुवारीअखेरच्या प्रशिक्षण वर्गात १५० जणांचे भोजन आहे असे समजू. माणशी ७० ग्रॅम सॅलड म्हणजे १०.५ किलो आणि माणशी १०० ग्रॅम फळे म्हणजे १५ किलो निव्वळ माल हवा.

| प्रकार | माणशी निव्वळ (ग्रॅम) | एकूण निव्वळ (किलो) | खाद्य भाग | खरेदी (किलो) |
|---|---|---|---|---|
| काकडी, सोललेली | २५ | ३.७५ | ०.८० | ४.७ |
| गाजर, पाल्याविना | २० | ३.०० | ०.८० | ३.७५ |
| टोमॅटो | १५ | २.२५ | ०.९० | २.५ |
| कांदा | १० | १.५० | ०.८८ | १.७ |
| पपई | ४० | ६.०० | ०.६७ | ९.० |
| कलिंगड | ४० | ६.०० | ०.५५ | ११.० |
| अननस, तुऱ्यासह | २० | ३.०० | ०.५० | ६.० |

म्हणजे १५ किलो फळांच्या फोडींसाठी २६ किलो फळे विकत घ्यावी लागतात. हाच हिशेब टक्के मिळवून केला असता, तर पपई ८, कलिंगड ८.७ व अननस ४.५ किलो आणले गेले असते. त्यांतून सुमारे १२.४ किलो फोडी निघाल्या असत्या. उरलेली २.६ किलोची तूट म्हणजे २६ माणसांचा वाटा होय. सॅलडच्या चारही प्रकारांत मिळून याच चुकीने जेमतेम तीनशे ग्रॅमच्या आसपास तूट आली असती.

कलिंगड व पपई नगावर मिळतात. ११ किलोसाठी चार किलोची तीन कलिंगडे घ्यावीत. पूर्णांक नेहमी वरचा घ्यावा.

छाटणी चाचणी

वरील प्रमाणे सर्वसाधारण आहेत. वाण, पक्वता आणि सोलणाऱ्याचा हात यांनुसार ती बदलतात. पीलरने सोललेल्या गाजराची व सुरीने सोललेल्या गाजराची घट सारखी नसते. जाड सालीच्या कलिंगडातून ०.५० इतकाच खाद्य भाग मिळतो, तर पातळ सालीच्या फळातून तो ०.६० पर्यंत जातो. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक प्रकाराचा दोन किलो नमुना, प्रत्यक्ष काम करणार असलेल्या व्यक्तीकडूनच, नेहमीच्या साधनाने सोलून-कापून घ्यावा. फोडींचे वजन मूळ वजनाने भागले की त्या मालाचा खाद्य भाग मिळतो. दोन किलो पपईतून १.२४ किलो फोडी निघाल्या, तर खाद्य भाग ०.६२ झाला आणि ९ किलोऐवजी ९.७ किलो पपई लागेल.

काकडीच्या बाबतीत नमुना चाखूनही पाहावा. कडवटपणा देठाकडे व सालीखाली अधिक असतो. देठाकडील दोन-तीन सेंटिमीटर भाग काढूनही फोड कडू लागली, तर ती काकडी पूर्ण बाजूला ठेवावी लागते आणि घट वाढते.

कीडग्रस्त मालातील दुसरी घट

छाटणीतील घट प्रत्येक फळात थोडीथोडी होते. कीडग्रस्त मालात काही फळे संपूर्णच टाकावी लागतात. या दोन वेगळ्या घटी आहेत आणि त्यांची प्रमाणे परस्परांनी गुणावी लागतात.

पेरू हे याचे बोलके उदाहरण आहे. साल व बिया खाल्ल्या जात असल्याने देठ व टोक काढूनही पेरूचा सुमारे ९५ टक्के भाग खाद्य असतो, त्यामुळे तो अत्यंत किफायतशीर वाटतो. परंतु फळमाशीची (बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस) मादी पक्व होत असलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते व अळ्या आतील गर खातात. बाहेरून केवळ टाचणीच्या टोकाएवढे छिद्र व त्याभोवती किंचित मऊ, पाणचट डाग दिसतो. कित्येकदा फळ कापल्यावरच प्रादुर्भाव कळतो. पावसाळी बहाराच्या पेरूत तो अधिक, तर हिवाळी बहारात कमी आढळतो. अळ्या गरात फिरत असल्याने व त्यांच्यामागोमाग कूज पसरत असल्याने डागापुरता भाग काढून उरलेले फळ वाढणे योग्य नव्हे.

वरील उदाहरणात पपईऐवजी पेरू ठेवायचा झाल्यास ६ किलो निव्वळ माल हवा. पेटीच्या वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून मिळून २० फळे कापून पाहावीत. त्यांत ३ फळे कीडग्रस्त निघाली, तर निरोगी फळांचे प्रमाण ०.८५ झाले. त्यास छाटणीच्या ०.९५ ने गुणले असता ०.८१ मिळतात आणि ६ ÷ ०.८१ = ७.४ किलो पेरू लागतात. निरोगी मालात ६.३ किलो पुरले असते. वीस फळांचा नमुना हा स्थूल अंदाजच देतो. वीसांपैकी पाच किंवा अधिक फळे खराब निघाल्यास हिशेब वाढविण्यापेक्षा माल बदलणे श्रेयस्कर.

काकडीवर वेलवर्गीय फळमाशीचा (झ्युगोडॅकस कुकुर्बिटी) प्रादुर्भाव होतो. अंडी घातलेल्या जागी चिकट द्राव पाझरून सुकलेला दिसतो व फळ त्या बाजूला वाकडे होते. अशी फळे खरेदीच्या वेळीच निवडून काढता येतात, म्हणून काकडीसाठी जादा माल धरण्याऐवजी निवडीला वेळ द्यावा.

वाढताना घ्यावयाची काळजी

कापलेली फळे सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नयेत. उन्हाळ्यात, तापमान ३२ अंशांच्या वर असता, ही मर्यादा एका तासाची समजावी. यासाठी दोन-तृतीयांश फळे आरंभी कापावीत व उरलेली रांगेचा वेग पाहून कापावीत. न कापलेले फळ दुसऱ्या दिवशी उपयोगी पडते, कापलेले पडत नाही. दहा-पंधरा माणसे वाढण्याची शक्यता असेल, तर राखीव म्हणून न कापता देता येणारी केळी ठेवावीत.

सॅलडला मीठ लावून ठेवू नये. मिठामुळे काकडी व टोमॅटोचे पाणी सुटते, पात्रातील ढीग खाली बसतो आणि हिशेबाप्रमाणे पुरेसा असलेला माल अपुरा दिसू लागतो. मीठ व लिंबाच्या फोडी शेजारी वेगळ्या ठेवाव्यात.

सालींची विल्हेवाट

या एका भोजनातून फळांची सुमारे ११ किलो व सॅलडची दोन किलो साले, देठ व टाकाऊ भाग निघतो. निरोगी मालाचा हा भाग कंपोस्ट खड्ड्यात टाकण्यास हरकत नाही. कीडग्रस्त पेरू व काकड्या मात्र उघड्या खड्ड्यात किंवा बांधावर टाकू नयेत. पूर्ण वाढलेल्या अळ्या फळातून बाहेर पडून मातीत कोषावस्थेत जातात आणि त्यांतून निघालेल्या माश्या परिसरातील बागांत पसरतात. अशी फळे निदान दीड-दोन फूट खोल पुरून माती दाबावी, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अळ्या पूर्ण मरेपर्यंत काही दिवस कडक उन्हात ठेवावीत. भोजनासाठी आणलेल्या मालातून संस्थेच्या प्रक्षेत्रावर फळमाशीचा शिरकाव होऊ नये, यासाठी हे काम त्याच दिवशी पूर्ण करावे.